कोचिंग सर्टिफिकेट कोर्स, फी आणि पात्रता: शिक्षकांच्या मेलमधले वारंवार विचारले जाणारे प्रश्न (फुटबॉल)

आमच्या जिल्ह्याच्या फुटबॉल असोसिएशनला येणारे मेल मी बघतो. पगारी काम नाही हे, शाळेतून रिटायर झालो आणि संध्याकाळी तसंही ग्राउंडवरच असतो म्हणून गळ्यात पडलं. दरवर्षी उन्हाळ्याच्या सुट्टीच्या आधी आणि शालेय स्पर्धांच्या तोंडावर शिक्षकांचे मेल सुरू होतात आणि ऐंशी टक्के मेल शब्दाला शब्द सारखे असतात. गडहिंग्लज तालुक्यातल्या एका बाईंचा मेल आला होता तो असा:

"माननीय महोदय, मी माध्यमिक शाळेत शिक्षिका आहे. मला कोचिंग सर्टिफिकेट कोर्स करण्याची इच्छा आहे. कोर्स कोणते, फी किती व पात्रता काय याची माहिती कृपया कळवावी. आपली विश्वासू."

बस, एवढंच. फोन नंबर नाही, गाव नाही (गडहिंग्लज हे मला चौथ्या मेलमध्ये कळलं), सर्टिफिकेट कशासाठी हवंय ते नाही. मी विचारलं, त्यांनी अर्धं उत्तर दिलं, मी परत विचारलं, असं करत अकरा दिवस गेले आणि तेवढ्यात त्या कोर्सच्या जागा भरल्या. चूक त्यांची एकट्यांची नाही, मीही पहिल्याच मेलला सगळं लिहून टाकायला हवं होतं. म्हणून हे पान. यातलं सगळं फुटबॉलबद्दल आहे, कबड्डी, ॲथलेटिक्सवाल्यांनी आपापल्या असोसिएशनला विचारा, त्यांच्या पायऱ्या वेगळ्या असतात.

मेल नक्की कुणाला करायचा? जिल्ह्याला, राज्याला की दिल्लीला?

आधी जिल्ह्याला. पण एक गोष्ट डोक्यात पक्की ठेवा, जिल्हा असोसिएशन लायसन्स, म्हणजे फुटबॉलचं कोचिंग सर्टिफिकेट, देत नाही. लायसन्स देतं दिल्लीचं ऑल इंडिया फुटबॉल फेडरेशन, म्हणजे एआयएफएफ. महाराष्ट्रात कोर्स भरवण्याचं काम राज्य संघटनेमार्फत होतं आणि आपल्या राज्य संघटनेचं नाव आहे वेस्टर्न इंडिया फुटबॉल असोसिएशन, सगळे तिला विफा म्हणतात. नावात कुठेच महाराष्ट्र नाही त्यामुळे बरेच शिक्षक "महाराष्ट्र फुटबॉल असोसिएशन" असं सर्च करत बसतात आणि भलत्याच पानावर जाऊन पोचतात. गोव्यात असाल तर तिथली गोवा फुटबॉल असोसिएशन वेगळी, तिकडे लिहा.

मग जिल्ह्याला कशाला लिहायचं? कारण पुढचा कोर्स आपल्या जवळपास कधी आहे, कुठलं ग्राउंड, राहायची सोय आहे का, हे आम्हाला आधी कळतं. आणि पुरेसे शिक्षक गोळा झाले तर इथेच कोर्स द्या म्हणून आम्ही विफाकडे मागणी टाकू शकतो. तुमचा मेल आला नाही तर मागणी कशाच्या जोरावर टाकणार?

कोर्स कोणकोणते आहेत? मी पहिला कुठला करू?

फुटबॉलमध्ये खालून वर जायचं तर डी, मग सी, बी, ए आणि सगळ्यात वर प्रो. डी हे आपल्या देशातल्या फेडरेशनचं लायसन्स. सी पासून पुढची एएफसीची, म्हणजे आशियाई फुटबॉल कॉन्फेडरेशनची. डीच्या खाली ई नावाचा अगदी छोटा, नुसती ओळख करून देणारा कोर्सही आहे, पण शाळेत रोज टीम घेत असाल तर सरळ डीला या.

डी लायसन्स सहा दिवसांचं असतं. लहान मुलांना खेळ कसा शिकवायचा यावर सगळा भर, त्यामुळे पाचवी ते आठवीच्या मुलामुलींना घेणाऱ्या शिक्षकाला जे लागतं ते जवळजवळ सगळं यात येतं. एकदम सी ला बसता येईल का असं दर वर्षी कुणीतरी विचारतंच. नाही. आधी डी पाहिजे आणि डी झाल्यावर काही काळ प्रत्यक्ष टीम घेतल्याचा अनुभव दाखवावा लागतो.

पण आमचे मुख्याध्यापक म्हणतात एनआयएस करा. एनआयएस आणि हे लायसन्स एकच का?

एकच नाही, आणि हा घोळ जुना आहे. एनआयएस म्हणजे पतियाळाची नेताजी सुभाष राष्ट्रीय क्रीडा संस्था, १९६१ साली तिथल्या मोतीबाग राजवाड्यात सुरू झाली, आता भारतीय क्रीडा प्राधिकरणाच्या, म्हणजे साईच्या अखत्यारीत आहे. तिचा डिप्लोमा मोठा, तिथे जाऊन राहायचं, वर्षाचं काम. शिवाय तिचा सहा आठवड्यांचा सर्टिफिकेट कोर्सही असतो, ज्याला मैदानावर सगळे नुसतं "सिक्स वीक" म्हणतात. हे वेगवेगळ्या खेळांत असतं आणि सरकारी कोचच्या जाहिरातीत बहुतेक वेळा एनआयएस डिप्लोमाच मागितलेला असतो.

फेडरेशनचं लायसन्स हे फक्त फुटबॉलचं, आणि लीग, क्लब, अकॅडमी यांच्याकडे तेच विचारतात. तर तुमचं उद्दिष्ट काय त्यावर ठरवा. उद्या सरकारी प्रशिक्षक व्हायचंय तर पतियाळाकडे बघा. शाळेची टीम नीट घ्यायची आहे, सुट्टीत कॅम्प चालवायचाय, एखाद्या क्लबला संध्याकाळी मदत करायची आहे, तर सहा आठवडे नोकरी सोडून जाण्यापेक्षा सहा दिवसांचं डी बरं. सहा दिवस आणि सहा आठवडे यात पण लोकांची गल्लत होते, एक सर सहा आठवड्यांची रजा मंजूर करून घेऊन आले होते!

पात्रता काय? बीपीएड लागतं का? मी कधी खेळलेच नाहीये.

डी साठी वय १८ पूर्ण पाहिजे. बीपीएड लागत नाही. तुम्ही गणित शिकवा नाहीतर भूगोल, चालतं. वरच्या वयाची भीती बाळगू नका, पन्नाशीचे सर पण येऊन गेलेत.

खेळलेलं असणं ही कागदावरची अट म्हणून अडत नाही, पण अंगात अडतं. कारण कोर्समध्ये मुलं बाहेरून आणतातच असं नाही, बरेचदा तुम्हीच एकमेकांची मुलं होता. एक जण कोच, बाकीचे खेळाडू, आणि हे सकाळ संध्याकाळ सहा दिवस. ज्याला चेंडू पायाच्या आतल्या बाजूने धड पास करता येत नाही त्याला दुसऱ्यांना दाखवायला अवघड जातं. गुडघ्याचं ऑपरेशन नुकतंच झालंय, बाळंतपण होऊन थोडेच महिने झालेत, बीपीचा त्रास आहे, असं काही असेल तर लपवू नका, मेलमध्येच लिहा म्हणजे पुढच्या बॅचला नाव टाकता येतं. भरलेली फी परत मिळणं फार कठीण असतं.

इंग्रजीचं विचारतात. नोट्स आणि स्लाइड इंग्रजीत असतात, इन्स्ट्रक्टर हिंदी मराठीत समजावून सांगतात, सेशन प्लॅनचा कागद मात्र तुम्हाला लिहावा लागतो. मोडकं तोडकं इंग्रजी चालतं, चित्र काढता आलं पाहिजे.

आणि पात्रता असणं म्हणजे जागा मिळणं नाही. एका बॅचला साधारण चोवीसच्या आसपास जण घेतात कारण प्रत्येकाला ग्राउंडवर सेशन घ्यायला वेळ द्यावा लागतो. त्यामुळे "मी पात्र आहे का" यापेक्षा "पुढच्या बॅचला जागा आहे का" हा प्रश्न जास्त कामाचा.

माझं दहावीच्या सर्टिफिकेटवर माहेरचं नाव आहे, आधारवर सासरचं. चालेल?

हा प्रश्न मेलमध्ये कुणीच विचारत नाही आणि सगळ्यात जास्त फॉर्म इथेच अडकतात, म्हणून मीच लिहितो.

त्या गडहिंग्लजच्या बाईंचंच उदाहरण. दहावीच्या सर्टिफिकेटवर माहेरचं आडनाव आधी, मग नाव, मग वडिलांचं नाव. आधारवर नाव, नवऱ्याचं नाव, सासरचं आडनाव. पॅनवर मधलं नाव फक्त एका अक्षरात. आणि फेडरेशनच्या ऑनलाइन सिस्टिममध्ये त्यांनी घाईत प्रोफाइल उघडलं ते फक्त नाव आणि आडनाव टाकून, त्यातही आडनाव पहिल्या रकान्यात गेलेलं, कारण आपण मराठी माणसं शाळेत आडनावापासूनच नाव लिहायला शिकतो. म्हणजे एका बाईंची चार नावं झाली. वयाच्या पुराव्यासाठी दहावीचं, ओळखीसाठी आधार, दोन्ही जुळेनात, फॉर्म परत.

यावर उपाय सोपा आहे पण आधी करायचा. प्रोफाइल उघडताना ज्या ओळखपत्रावर नाव आणि जन्मतारीख दोन्ही आहेत ते समोर ठेवा आणि अक्षरन् अक्षर तसंच भरा, पहिल्या रकान्यात तुमचं नाव, शेवटच्या रकान्यात आडनाव. दहावीचं सर्टिफिकेट जोडावं लागलं तर सोबत लग्नाच्या नोंदणीचा दाखला किंवा नाव बदललेलं गॅझेट द्या. जे नाव प्रोफाइलला असेल तेच पुढे सर्टिफिकेटवर छापून येतं आणि छापल्यावर दुरुस्ती म्हणजे पुन्हा मेलामेली, ती कधी संपेल देव जाणे.

फोटो आणि कागद मोबाइलवर काढले तरी चालतात, फक्त चारही कोपरे दिसू द्या आणि फाइलला नाव द्या. `IMG_20240311_WA0007.jpg` अशा सात फाइल आल्या की आधार कुठलं आणि पॅन कुठलं हे मला एकेक उघडून बघावं लागतं.

फी किती?

आकडा इथे लिहीत नाही कारण तो प्रत्येक कोर्सच्या नोटीसमध्ये वेगळा असतो, आणि मी आज लिहिलेला आकडा पुढच्या वर्षी कुणीतरी स्क्रीनशॉट काढून माझ्याच तोंडावर मारेल. फी बदलते कारण त्यात इन्स्ट्रक्टरचं मानधन आणि प्रवास, ग्राउंडचं भाडं, चहा जेवण, कधी टीशर्ट, हे सगळं धरलेलं असतं आणि मुंबईतलं टर्फ आणि तालुक्यातलं शाळेचं ग्राउंड यांचं भाडं सारखं कसं असणार.

त्यापेक्षा "फी किती" याऐवजी काय विचारायचं ते सांगतो. फीमध्ये राहणं आहे का, जेवण एक वेळचं की दोन, जीएसटी धरून की वर, नाव मागे घेतलं तर किती परत आणि नापास झालो तर परत परीक्षेचे वेगळे पैसे आहेत का.

बाईंच्या बाबतीत मी एक हिशोब मांडून दिला होता, तोच इथे देतो. आकडे समजण्यासाठी धरलेत, दर म्हणून वापरू नका. समजा फी १०,००० आणि कोर्स कोल्हापूर शहरात, राहायची सोय नाही, जेवण नाही. गडहिंग्लजहून रोज ये जा करू म्हणाल तर सकाळी साडेसहाला ग्राउंडवर हजर राहायचं असतं आणि संध्याकाळचं सेशन संपायला अंधार पडतो, ते जमत नाही. म्हणून आदल्या दिवशी संध्याकाळी येऊन सहा रात्री राहायचं, लॉज किंवा पीजी ६०० धरलं तर ३,६००. जेवणखाण दिवसाला ३००, सहा दिवसांचे १,८००. एसटीला २०२३ पासून बायकांना अर्धं तिकीट आहे, तर दोन्ही वेळचं एसटी आणि शहरातली रिक्षा मिळून ३०० धरू. स्टडचे बूट नसतील तर १,५००. बेरीज १७,२००. आणि जीएसटी वर असला तर १०,००० वर १८ टक्क्यांनी आणखी १,८००, म्हणजे १९,०००.

म्हणजे मनात दहा हजार धरून आलात तर खिशातून जवळजवळ दुप्पट जातात. बाईंची कोल्हापुरात मावशी निघाली, लॉजचे ३,६०० आणि जेवणाचे बरेचसे वाचले. पण हे सगळं फी भरायच्या आधी कळलेलं बरं.

शाळा फी देईल का? रजेचं काय करायचं?

काही संस्था देतात, बहुतेक देत नाहीत. देणार असतील तर पावती कुणाच्या नावाने हवी हे फी भरायच्या आधी ऑफिसात विचारा. तुम्ही स्वतःच्या खात्यातून भरता, पावती तुमच्या नावाने येते आणि शाळेचा क्लार्क म्हणतो संस्थेच्या नावाची आणा, मग ती बदलून मिळत नाही.

रजेसाठी आम्हाला पत्र मागा. कोर्सचं नाव, तारखा, ठिकाण आणि कोर्स कुणाचा हे त्यात लिहून देतो. ते जोडून मुख्याध्यापकांकडे ऑन ड्यूटीचा अर्ज करा. मंजूर करायचं की किरकोळ रजा टाकायला लावायचं हे त्यांच्या हातात, आमचं पत्र म्हणजे हुकूम नाही. पत्र कोर्सच्या आदल्या रात्री व्हॉट्सॲपवर मागू नका एवढीच विनंती. आणि चाचणी परीक्षा, बोर्डाचं पेपर तपासणं, निवडणुकीची ड्यूटी यांच्या तारखा आधी बघून घ्या कारण सहा दिवसांतला एक दिवस बुडवला तरी चालेल असं या कोर्समध्ये नसतं, पूर्ण हजेरी लागते.

मग मेलमध्ये लिहू काय?

दहा ओळी पुरतात. बाईंनी दुसऱ्या वर्षी पाठवलेला मेल त्यांना विचारून इथे टाकतोय, नाव आणि नंबर काढलाय. विषयाच्या जागी लिहिलं होतं "डी लायसन्स, पुढची बॅच, महिला शिक्षिका, गडहिंग्लज". नुसत्या त्या एका ओळीवरूनच मला अर्धं कळलं.

"नमस्कार सर. मी गडहिंग्लज तालुक्यात माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवते, वय ३४. चार वर्षं सातवी आठवीच्या मुलींची फुटबॉल टीम घेते, आठवड्यातून तीन दिवस, १६ मुली आहेत. स्वतः कॉलेजपर्यंत हँडबॉल खेळले, फुटबॉल नाही. बीपीएड नाही. मला डी लायसन्स करायचं आहे, कारण शाळेची टीम पुढे न्यायची आहे, नोकरीसाठी नको आहे. दिवाळीची सुट्टी किंवा मे महिना जमेल, बाकी वेळी आठ दिवस आधी कळलं तर रजा काढता येईल. फीमध्ये राहणं, जेवण आणि जीएसटी आहे का? राहायची सोय नसेल तर चालेल, कोल्हापुरात नातेवाईक आहेत. सिस्टिमवर प्रोफाइल आधारप्रमाणे उघडलं आहे. आमच्याच तालुक्यातल्या आणखी दोन शिक्षिका तयार आहेत. माझा फोन नंबर खाली देते, दुपारी दीड ते दोन उचलू शकते."

याला मी एका मेलमध्ये उत्तर देऊ शकलो. शेवटून दुसरी ओळ बघा, आणखी दोन शिक्षिका तयार आहेत. ती वाचून मी विफाकडे पाठवायच्या यादीत एकाच तालुक्यातल्या तीन बायका लिहू शकलो आणि त्या तिघी एकाच बॅचला गेल्या, एकाच खोलीत राहिल्या. मेल मराठीत असला तरी काही बिघडत नाही, उलट ट्रान्सलेटरमधून काढलेलं इंग्रजी वाचताना माझंच डोकं दुखतं.

सहा दिवसांत होतं काय आणि लोक नापास का होतात?

वर्गात बसून थोडं ऐकायचं, बाकी सगळं ग्राउंडवर. शेवटी तुम्हाला एक विषय मिळतो, त्यावर सेशनचा प्लॅन कागदावर काढायचा आणि ठरलेल्या वेळात घेऊन दाखवायचं. नुसती हजेरी लावून लायसन्स मिळत नाही हे शिक्षकांना पटत नाही, कारण आपली बाकीची ट्रेनिंगं सही करून चहा बिस्किटं खाऊन संपतात.

आता शिक्षक नेमके कुठे पडतात ते सांगतो. समजा विषय आलाय पासिंगचा, हाताशी १२ खेळाडू आणि वेळ १२ मिनिटं. शिक्षकाचा हात आपोआप रांग लावायला जातो. बारा जण एका रांगेत, एक चेंडू, पहिला पास देतो, पळत जाऊन मागे उभा राहतो. दिसायला किती शिस्त! पण हिशोब करा. एकाच्या पाळीला १५ सेकंद धरले तर बारा जणांना १८० सेकंद, म्हणजे ३ मिनिटांनी परत नंबर. १२ मिनिटांत एका मुलाच्या पायाला चेंडू फक्त ४ वेळा लागला. बाकी वेळ तो पुढच्याच्या टीशर्टची कॉलर ओढतोय.

आता तेच १२ जण तीन चौकोनांत टाका, प्रत्येक चौकोन १० बाय १० मीटर, चार कोपऱ्यांना खुणेचे चार प्लॅस्टिकचे कोन, आत चार जण. तीन जण एकमेकांना पास देतात, चौथा मधे पळून चेंडू काढायला बघतो, ज्याचा पास अडवला गेला तो मधे. साहित्य लागलं १२ कोन आणि ३ चेंडू. चेंडू बाहेर जाणं, तुम्ही थांबवून सांगणं यात अर्धा वेळ गेला धरला तरी ६ मिनिटं खेळ उरतो, तीन सेकंदाला एक पास म्हटलं तर एका चौकोनात १२० पास आणि माणशी ३०. चार विरुद्ध तीस. शिवाय समोर कुणीतरी चेंडू काढायला येतोय, त्यामुळे पास देण्याआधी मान वर करून बघावंच लागतं, रांगेत त्याची गरजच पडत नाही.

दुसरी चूक म्हणजे बोलणं. आपल्याला ३५ मिनिटांच्या तासाची सवय. बाईंनी सरावाच्या सेशनला पाय कसा ठेवायचा, घोटा कसा घट्ट, शरीर कसं, हे सगळं उभं करून साडेतीन मिनिटं समजावलं, मी बाजूला घड्याळ लावून उभा होतो. इन्स्ट्रक्टरने नंतर एवढंच विचारलं, "यातलं त्यांना आत्ता कुठलं लागणार होतं?" परीक्षेच्या दिवशी त्यांनी एकच गोष्ट धरली, चेंडू यायच्या आधी समोरचं मैदान दिसेल असं अंग वळवून उभं राहायचं. खेळ चालू असताना जिथे ते चुकलं तिथे शिट्टी, सगळे जागेवर थांबा, इथे उभी राहिलीस तर तुला कोण दिसतंय, आणि इथे? दहा पंधरा सेकंदांत परत खेळ सुरू. पास झाल्या.

नापास झालात तर जग बुडत नाही, पण सगळा कोर्स परत करायचा की फक्त परीक्षा, हे त्या बॅचच्या नियमावर असतं, म्हणून वर फीच्या प्रश्नात ते विचारून ठेवायला सांगितलं.

लायसन्स मिळाल्यावर शाळेत मला क्रीडा शिक्षक करतील का? पगार वाढेल का?

नाही. क्रीडा शिक्षकाच्या पदाला शारीरिक शिक्षणाची पदवी लागते, डी लायसन्स त्या जागी चालत नाही. तालुका जिल्ह्याच्या शालेय स्पर्धेला टीम घेऊन जायलाही आमच्याकडे लायसन्स मागत नाहीत, शाळेचं पत्र आणि मुलांचे कागद लागतात. हे आधीच सांगतो कारण पैसे भरून झाल्यावर कळलं की माणूस खट्टू होतो आणि आम्हाला शिव्या घालतो. उपयोग कुठे? क्लबकडे, अकॅडमीत, सुट्टीच्या कॅम्पला, आणि सी ला जायचं तर हीच पहिली पायरी. सी पासूनची एएफसी लायसन्स मुदतीची असतात, मधे मधे छोटी ट्रेनिंगं करून ती चालू ठेवावी लागतात, तेही लक्षात असू द्या.

ऑनलाइन दोन तासांत इंटरनॅशनल कोचिंग सर्टिफिकेट मिळतंय, ९९९ रुपयात. घेऊ का?

शिकायला म्हणून घ्या, लायसन्स म्हणून घेऊ नका. ओळखायचं कसं? त्या कोर्सची तारीख आणि ठिकाण एआयएफएफ किंवा विफाच्या नोटीसमध्ये आहे का बघा. नसेल तर जिल्ह्याला फोन करा, दोन मिनिटांचं काम आहे. पैसे संघटनेच्या खात्याऐवजी कुणाच्या तरी वैयक्तिक यूपीआयवर मागत असतील तर तिथेच थांबा. आणि सर्टिफिकेटवर मोठा सोनेरी शिक्का, ग्लोबल वगैरे शब्द, पण कोर्स कुणी घेतला त्या इन्स्ट्रक्टरचं नावच नाही, असं असेल तर ते फ्रेम करून घरात लावायच्या कामाचं.

मेल करून आठ दिवस झाले, उत्तर नाही. काय करू?

आधी स्पॅम बघा, खरंच सांगतो, निम्म्या वेळा उत्तर तिथे असतं. नसेल तर नवीन मेल न करता जुन्याच मेलवर एक ओळ टाका, म्हणजे आधीचं सगळं खाली दिसतं. काही जण रोज नवा मेल करतात, विषय रोज वेगळा, मग एकाच माणसाला दोघांनी दोन वेगळ्या तारखा सांगितल्या असं पण झालंय आमच्याकडे. तरी नाही आलं तर संध्याकाळी ग्राउंडवर या. आमच्याकडे ऑफिस म्हणजे एक कपाट आणि दोन खुर्च्या आहेत, पण सहा ते साडेसात कुणीतरी असतंच.

बूट कुठले आणू?

नोटीसमध्ये ग्राउंड कुठलं आहे ते बघा. टर्फ असेल तर छोट्या रबरी गोळ्यांचे, माती किंवा गवत असेल तर साधे रबरी स्टड. लोखंडी नकोत. नवीन घेतले तर आठ दहा दिवस आधी शाळेच्या ग्राउंडवर घालून फिरा, बाईंनी पहिल्याच दिवशी कोरे बूट चढवले आणि बाकीचे पाच दिवस टाचेला चिकटपट्टी लावून काढले.